दुकान मॅपवर आहे, पण नंबर आणि वेळ चुकीची: नवीन नोंद नको, जुन्या नोंदीचा ताबा घ्या

प्रश्न: बार्शीत वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं आणि पंपाच्या सामानाचं दुकान आहे, बावीस वर्षं जुनं. गूगल मॅपवर ते दिसतं, पण नंबर भलत्याच माणसाचा आणि वेळ ‘Open 24 hours’. म्हणून मी माझ्या जीमेलवरून दुकान नव्याने टाकलं, तर ते व्हेरिफिकेशनमध्ये अडकलंय. एक जण तीन हजारांत करून देतो म्हणतोय. देऊ का?

नमस्कार. तीन हजार सध्या खिशातच राहू द्या. मॅपवर दुकान टाकायला, ताब्यात घ्यायला, वेळ-नंबर बदलायला गूगल एक पैसाही घेत नाही. कुणी त्याच्या मेहनतीचे पैसे मागत असेल तर तो व्यवहार तुमचा-त्याचा. पण तुमचं काम अडलंय ते एकाच दुकानाच्या दोन नोंदी झाल्यामुळे, आणि ते घरबसल्या सुटण्यासारखं आहे.

माझं मिरजेत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. गेली आठ-नऊ वर्षं मी आसपासच्या दुकानदारांच्या या नोंदी करून देतो. सायकल दुरुस्ती, बेकरी, तंतुवाद्यांची दुकानं, शेती औषधांची दुकानं अशा सगळ्यांच्या केल्या. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुकान मॅपवर आधीच असतं, फक्त त्यांना ते माहीत नसतं किंवा पटत नसतं. मॅपवर कुठलीही जागा कुणीही टाकू शकतो. गिऱ्हाईक टाकतं, शेजारचा मुलगा टाकतो, घरोघर फिरणारा एखादा एजंट टाकतो. शिवाय इंटरनेटवर इतरत्र पडलेली माहितीही गूगल उचलतं. ‘Open 24 hours’ हे बहुतेक वेळा अशाच कुणीतरी अंदाजाने भरलेलं असतं.

तर पहिलं काम शोधाचं. वडिलांच्या किंवा तुमच्या खात्यावरून नको, दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून दुकानाचं नाव मराठीत टाकून शोधा, इंग्रजीत टाकून शोधा, आणि मग मॅप मोठा करून दुकानाच्या जागेवर बोटाने फिरून बघा. कधीकधी दोनच नाही, तीन नोंदी निघतात. एखादी जुन्या भाडेकरूच्या नावाची, एखादी स्पेलिंग चुकलेली. सगळ्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणि त्या भलत्या नंबरला एकदा फोन करा. हे कुणी करत नाही, पण निम्मं कोडं तिथेच सुटतं. तो माणूस म्हणाला, “मला रोज मोटारीचे फोन येतात, मी वैतागलोय,” तर नंबर चुकून पडलाय. तो म्हणाला, “हो, बोला, काय काम आहे?” तर ती नोंद त्याच्या ताब्यात असण्याची शक्यता मोठी. यावरून पुढचा रस्ता ठरतो.

आता जुनी नोंद उघडा. खाली ‘Claim this business’ किंवा ‘Own this business?’ असं दिसलं तर ती बहुधा बेवारस आहे आणि काम सोपं आहे. ते दाबून पुढे जायचं. दिसलं नाही, किंवा दाबल्यावर ही नोंद आधीच कुणीतरी व्हेरिफाय केली आहे असा संदेश आला, तर तिथे ती नोंद ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या मेलची दोन-तीन अक्षरं दिसतात आणि ‘Request access’ चं बटण असतं. पुष्कळदा ती अक्षरं बघूनच दुकानदार ओळखतो, की हा आपल्याच भाच्याचा जुना मेल आहे. तसं असेल तर भाच्याला फोन करा, विनंती-बिनंतीची गरजच नाही.

ओळख पटली नाही तर विनंती पाठवा, मालकीची. समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस असतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर बहुतेक वेळा तुम्हाला स्वतः व्हेरिफिकेशन करून नोंद ताब्यात घेण्याचा पर्याय मिळतो. नकार आला तरी अपील करता येतं. या तीन दिवसांत घाईने आणखी एक नवी नोंद टाकायची नाही.

हे सगळं कुठल्या खात्यावरून करायचं, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुम्ही नवीन दुकान स्वतःच्या जीमेलवर टाकलंत. उद्या तुम्ही नोकरीसाठी पुण्याला गेलात, फोन बदललात, पासवर्ड विसरलात, तर वडील पुन्हा तिथेच. वडिलांच्या नावाने किंवा दुकानाच्या नावाने एक जीमेल काढा, पासवर्ड बिलबुकाच्या मागे नको, घरच्या वहीत लिहून ठेवा, आणि मालक म्हणून ते खातं ठेवा. तुम्ही स्वतःला नंतर मॅनेजर म्हणून जोडून घ्या. तीन हजारवाल्याकडून काम करून घ्यायचंच ठरलं, तर त्यालाही मॅनेजरच करा. त्याच्या मेलवर नोंद होऊ देऊ नका.

यावर मी इतका भर का देतो ते सांगतो. चार वर्षांपूर्वी एक सायकल दुरुस्तीवाले काका माझ्याकडे आले. एका फिरत्या मुलाने त्यांची नोंद पैसे घेऊन केली होती, स्वतःच्या मेलवर आणि स्वतःचा नंबर टाकून. सुरुवातीला तो आलेले फोन काकांना कळवायचा. मग त्याने ते काम सोडलं, नंबरही बंद केला. मॅपवर दुकान दिसत होतं, चांगले पन्नास-साठ रिव्ह्यू होते, आणि फोन लावला की बंद. काकांना वाटायचं, धंदाच कमी झाला. आम्ही विनंती पाठवली. तीन दिवस काहीच उत्तर नाही, चौथ्या दिवशी व्हेरिफिकेशनचा रस्ता खुला झाला. पहिला व्हिडिओ नापास झाला, दुसरा पास झाला. ते का झालं, ते पुढे येतंच.

तुमच्या नव्या, अडकलेल्या नोंदीचं काय करायचं? ती काढून टाका. जुनीमध्ये रिव्ह्यू आहेत, फोटो आहेत, लोकांनी सेव्ह केलेलं ठिकाण आहे. नवीमध्ये काहीच नाही. एकाच पत्त्यावर एकाच नावाची दोन दुकानं दिसली की गूगल एकीला डुप्लिकेट धरतं, आणि ज्या खात्यावर ती आहे तिथलं काम अडतं. तुमच्या खात्यातून त्या नोंदीच्या सेटिंगमध्ये ‘Remove Business Profile’ आहे, तिथून ती काढता येते. मॅपवर तरीही ती दिसत राहिली, तर ‘Suggest an edit’ मध्ये जाऊन ती दुसऱ्या ठिकाणाची डुप्लिकेट आहे असं कळवा. मात्र कुठल्याही नोंदीवर ‘Permanently closed’ दाबू नका. लोक चिडून जुन्या नोंदीवर ते दाबतात आणि मग चालू दुकानाच्या नावाखाली लाल अक्षरांत कायमचं बंद असं दिसायला लागतं. बावीस वर्षांच्या दुकानाचं ते वाक्य एखाद्या शेतकऱ्याने वाचलं, तर तो पुन्हा फोनही करणार नाही.

आणखी एक, कारण यात बरेच जण फसतात. यूट्यूबवर जुने मराठी-हिंदी व्हिडिओ आहेत, त्यात ‘Google My Business’ चं वेगळं ॲप दाखवतात. त्या सेवेचं नाव नोव्हेंबर २०२१ मध्ये बदलून ‘Google Business Profile’ झालं आणि ते ॲप २०२२ मध्ये बंद झालं. आता मालकाच्या खात्याने लॉगिन करून गूगलवर दुकानाचं नाव शोधलं, किंवा मॅप्समध्ये आपली नोंद उघडली, की तिथेच बदल करायची बटणं येतात. वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही.

आता व्हेरिफिकेशन. ते कोणत्या प्रकारे होईल हे गूगल ठरवतं, आपण नाही. कुणाला एसएमएस किंवा फोनवर कोड येतो, कुणाला पोस्टाने कार्ड. हल्ली माझ्याकडच्या बहुतेक दुकानांना व्हिडिओच मागितला जातो. कोड आला तर तो कुणालाही सांगायचा नाही. “गूगलमधून बोलतोय, आलेला नंबर सांगा” असा फोन आला की ठेवून द्यायचा.

व्हिडिओ करण्याआधी दोन गोष्टी नीट करून घ्या, कारण व्हिडिओ पाठवल्यावर निकाल येईपर्यंत नाव आणि पत्ता बदलायचा नसतो. पहिली गोष्ट नाव. दुकानाच्या पाटीवर जे आहे तेच. पाटीवर ‘श्री गणेश इलेक्ट्रिकल्स’ असेल तर मॅपवर ‘श्री गणेश इलेक्ट्रिकल्स, बार्शीतील सर्वोत्तम मोटार रिवाइंडिंग, पंप’ असं लिहायचं नाही. त्याने शोधात वर येतो असं एजंट सांगतात, पण ते नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी नोंद निलंबित झालेली मी पाहिली आहे. धंद्याचा प्रकार सांगायला वेगळा रकाना आहे, ‘Category’. तिथे मनाने लिहिता येत नाही, यादीतून निवडावं लागतं. तुम्ही मोटार, पंप, हार्डवेअर असे शब्द टाकून बघा आणि ज्या कामासाठी सगळ्यात जास्त माणसं येतात ते मुख्य ठेवा. तुमच्या प्रश्नावरून तरी ते दुरुस्ती असावं, सामान दुय्यम.

पाटीबद्दल एक आपल्याकडची अडचण. महाराष्ट्रात दुकानाची पाटी देवनागरीत असणं बंधनकारक आहे, आणि मॅपवर मात्र लोक नाव इंग्रजीत टाकतात. लिपी वेगळी असली तरी शब्द तेच असू द्या. पाटीवर ‘गणेश मोटार वर्क्स’ आणि मॅपवर ‘Shri Ganesh Enterprises’ असं असेल, तर व्हिडिओ बघणाऱ्याला ही दोन वेगळी दुकानं वाटतील. पाटीवर दोन्ही लिपी असतील तर उत्तमच. नसतील तर व्हिडिओत ज्या बिलबुकावर इंग्रजी नाव छापलंय ते दाखवा.

दुसरी गोष्ट पिन. सॅटेलाइटचं चित्र लावून ती बरोब्बर दुकानाच्या दारावर आणा. ज्या रस्त्याने माणूस आत येतो त्या बाजूला. सायकलवाल्या काकांची पिन मागच्या बोळात होती. गिऱ्हाईक बोळात शिरून भिंतीसमोर उभं राहायचं आणि तिथून परत जायचं.

व्हिडिओत तीन गोष्टी सिद्ध व्हायला हव्यात: जागा हीच आहे, तिथे हाच धंदा चालतो, आणि तो चालवणारे तुम्ही आहात. मी तो असा करायला सांगतो. सकाळी दुकान उघडायच्या वेळी, चांगल्या उजेडात, रस्त्यावर उभं राहून सुरू करा. शेजारच्या दोन दुकानांच्या पाट्या, चौकाची किंवा रस्त्याची पाटी दिसू द्या. मग सावकाश आपल्या पाटीकडे या आणि ती वाचता येईल इतका वेळ थांबा. त्यानंतर किल्लीने कुलूप काढून शटर वर करा. मालकी दाखवायला याच्याइतकं चांगलं दृश्य नाही, कारण तिऱ्हाईत माणूस ते करू शकत नाही. आत गेल्यावर वाइंडिंग मशीन, तांब्याच्या तारेची रिळं, उघडलेल्या मोटारी, काउंटर, मग नाव छापलेलं बिलबुक आणि भिंतीवरचा गुमास्ता. गुमास्ता ऑनलाइन सूचनेच्या पावतीच्या रूपात असेल तर तीच प्रिंट दाखवा.

हे सगळं एका दमात, मध्ये न थांबवता, न कापता. किमान तीस सेकंद हवेत. सावकाश केलं तर दीड-दोन मिनिटं लागतात आणि तेवढं पुरतं. आधी करून ठेवलेला व्हिडिओ चालत नाही, गूगल जेव्हा मागतं तेव्हा त्या फोनवरच तो काढायचा असतो. म्हणून आधी एकदा साध्या कॅमेऱ्याने रंगीत तालीम करून बघा. माणसांचे चेहरे, आधार, पासबुक, बँकेचे कागद यातलं काहीही त्यात येऊ देऊ नका. गिऱ्हाईक समोर आलं तर व्हिडिओ पुन्हा करा. आणि नेट कमी असेल तर चांगल्या वायफायवर बसून तो चढवा, अपलोड अर्धवट राहिलं की सगळं पुन्हा करावं लागतं.

सायकलवाल्या काकांचा पहिला व्हिडिओ त्यांच्या मुलाने रात्री आठला काढला होता. पाटीवरच्या ट्यूबलाइटमुळे अक्षरं पांढरी पडली होती आणि सुरुवात थेट दुकानाच्या आतून होती. आतून कुठलंही सायकलचं दुकान सारखंच दिसतं. सकाळी रस्त्यापासून सुरू केलेला दुसरा व्हिडिओ तीन दिवसांत पास झाला. निकालाला साधारण पाच कामाचे दिवस धरा. नापास झाला तर ‘Get verified’ पुन्हा दिसायला लागतं. तेव्हा लगेच तोच व्हिडिओ परत पाठवू नका, वरच्या तीनपैकी काय राहिलं ते आधी शोधा.

ताबा मिळाला की खरं काम, वेळ आणि नंबर. वेळेच्या बाबतीत आपल्याकडच्या दुकानांची खासियत म्हणजे दुपारची सुट्टी. तुमचं दुकान साडेनऊला उघडून एकला बंद होत असेल आणि परत चार ते साडेआठ असेल, तर सरळ साडेनऊ ते साडेआठ असं टाकायचं नाही. ‘Hours’ मध्ये प्रत्येक दिवसापुढे अधिकचं चिन्ह आहे, ते दाबलं की त्याच दिवसाला दुसरी वेळ जोडता येते. मग दुपारी दोनला बघणाऱ्याला ‘Closed’ आणि त्यासोबत चारला उघडेल असं दिसतं. वीस किलोमीटरवरून टेम्पोत जळकी मोटार घालून निघणाऱ्या शेतकऱ्याला नेमकं हेच कळायला हवं. आठवड्याची सुट्टी त्या दिवसापुढे ‘Closed’ करून टाका.

वडील कदाचित म्हणतील, “मी दुपारी आतच असतो, हाक मारली की उठतो, मग चोवीस तासच राहू दे.” हंगामात रात्री-अपरात्री मोटार जळाल्याचे फोन येतात हे मला माहीत आहे. पण फोन घेणं वेगळं आणि शटर उघडं असणं वेगळं. वेळ शटरची टाका. रात्री फोनवर बोलता येतं हे वर्णनाच्या रकान्यात एका ओळीत लिहा.

सणावारासाठी ‘Special hours’ वेगळे आहेत. लक्ष्मीपूजनाला दुपारनंतर बंद, पाडव्याला उशिरा, घरात लग्न म्हणून दोन दिवस बंद, हे सगळं तारीख घालून तिथे टाकायचं, नेहमीच्या वेळेला हात लावायचा नाही. ती तारीख गेली की नेहमीची वेळ आपोआप परत येते. सलग सात दिवस किंवा त्याहून जास्त बंद राहणार असेल, उदाहरणार्थ वडील वारीला जाणार असतील, तर ‘Temporarily closed’ करा आणि परत आल्यावर आठवणीने काढा. ते मात्र आपोआप निघत नाही.

नंबरबाबत माझं मत पक्कं आहे: दुकानासाठी वेगळं सिम घ्या. मॅपवर नंबर गेला की गिऱ्हाइकांसोबत कर्जवाले, जाहिरातवाले, “तुमचं गूगल लिस्टिंग आज बंद होणार” म्हणून घाबरवणारे यांचेही फोन येतात. वडिलांचा घरचा नंबर त्यात अडकला की ते अनोळखी नंबर उचलणंच सोडतात आणि खरं गिऱ्हाईकही जातं. मुख्य नंबराशिवाय आणखी दोन नंबर टाकता येतात, पण समोर ठळक दिसतो तो पहिला. म्हणून पहिला तोच, जो दुकानाच्या वेळेत काउंटरवर असतो.

एवढं झाल्यावरही नोंद लोकांना खुली राहते. उद्या कुणी ‘Suggest an edit’ मधून वेळ बदलून पाठवली तर गूगल कधीकधी ती लावूनही टाकतं. मालकाच्या मेलवर तसं कळवलं जातं आणि नोंदीत बदललेली ओळ वेगळ्या रंगात दिसते. ती मान्य करायची की परतवायची हे तुमच्या हातात असतं. त्यासाठी तो जीमेल वडिलांच्या फोनवर चालू असायला हवा. शिवाय महिन्यातून एकदा, लॉगिन नसलेल्या दुसऱ्या फोनवरून, दुपारी दोन वाजता दुकान शोधून बघा. मालकाच्या खात्यात जे दिसतं आणि गिऱ्हाइकाला जे दिसतं त्यात फरक असू शकतो.

तुमच्यासाठी क्रम असा: आज त्या नंबरला फोन, उद्या वडिलांच्या नावाचा जीमेल आणि तुमच्या नव्या नोंदीची सफाई, मग जुन्या नोंदीवर ताबा किंवा विनंती. मध्ये तीन दिवस थांबावं लागलं तर तेवढ्यात पाटी पुसून घ्या आणि व्हिडिओची तालीम करा. विनंती पाठवल्यावर जो संदेश येईल तो मेल आणि नंबर झाकून इथेच टाका. त्यातल्या शब्दांवरून पुढे ताबा मिळेल की अपील करावं लागेल ते सांगता येईल.